दहावीच्या परीक्षेमुळे शिक्षक काय शिकवायचे सोडून देतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निर्णायक परीक्षा शिक्षकाच्या अध्यापनाला कसे वळण लावते, याविषयी शिक्षक, पालक आणि शाळेचे चालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरण मुख्यतः महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या मराठी प्रथम भाषेचे, म्हणजे कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेचे घेतले आहे, कारण अध्यापनाचा विस्तार कोठे आणि कसा कमी होतो हे तिच्या आराखड्यात अगदी गुणांच्या हिशोबाने दाखवता येते.

परीक्षेचा अभ्यासावर परिणाम होणारच. मग 'वॉशबॅक' म्हणून वेगळे काय सांगितले जाते?

परीक्षेचा निकाल लागल्यावर जे होते, ते प्रवेश, गुणवत्ता यादी, नापास होणे वगैरे. वॉशबॅक हा परिणाम परीक्षेच्या कितीतरी आधी, जून महिन्यात वर्षाचे नियोजन करतानाच सुरू झालेला असतो. शिक्षक किंवा विद्यार्थी केवळ पुढे ती परीक्षा आहे म्हणून एखादी गोष्ट करतात, आणि ती परीक्षा नसती तर त्यांनी ती केली नसती, अशा वागण्याला हा शब्द लावला जातो. तो चांगलाही असू शकतो. परीक्षेत पत्रलेखन आहे म्हणून मुले पत्र लिहायला शिकली, तर तोही वॉशबॅकच होय. व्याख्येतली 'नसती तर' ही अट मात्र अवघड आहे, आणि ती विसरल्यामुळे या विषयावरची बरीच चर्चा भरकटते. शिक्षक वर्गात उत्तरे लिहून देतात याचा दोष आपण सहज परीक्षेवर टाकतो. परंतु परीक्षा नसताना, समजा पाचवीच्या वर्गात, तेच शिक्षक वेगळे काही करतात काय, हे आधी पाहिले पाहिजे.

अध्यापन आकुंचित होते म्हणजे नेमके कोठे आकुंचित होते?

तीन पातळ्यांवर. पहिली पातळी विषयांमधली आहे. ज्या विषयाचे गुण मोजले जात नाहीत, त्याची तासिका मोजल्या जाणाऱ्या विषयाकडे जाते; कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणाच्या तासाला दहावीच्या वर्गात जानेवारीनंतर काय चालते, हे सांगण्याची गरज नाही. अमेरिकेत २००२ च्या कायद्याने शाळांना वाचन आणि गणिताच्या चाचण्यांना जबाबदार धरल्यावर तेथेही हेच झाले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत ६२ टक्के शालेय जिल्ह्यांनी प्राथमिक शाळांत या दोन विषयांचा वेळ वाढवल्याचे, तर ४४ टक्क्यांनी तो इतर विषयांतून किंवा उपक्रमांतून काढून घेतल्याचे सांगितले होते.

दुसरी पातळी एकाच विषयाच्या आतली आहे: अभ्यासक्रमात असलेले पण कागदावर न येणारे किंवा टाळता येणारे घटक गळतात. तिसरी पातळी त्याहून सूक्ष्म आहे, कारण तेथे घटक शिकवला जातो, पण परीक्षेत तो ज्या साच्यात येतो त्याच साच्यात शिकवला जातो. पहिली पातळी वेळापत्रकावरून कोणालाही दिसते. दुसरी आणि तिसरी बाहेरून दिसत नाही, म्हणून पुढील उत्तरांचा भर त्यांच्यावर आहे.

कृतिपत्रिकेत हे आकुंचन प्रत्यक्ष कसे घडते? एखादे उदाहरण देता येईल का?

कुमारभारतीच्या ८० गुणांच्या लेखी कृतिपत्रिकेचा जो आराखडा २०१९-२० पासून रुळला, त्यात गद्याला १८, पद्याला १६, स्थूलवाचनाला ६, भाषाभ्यासाला १६ आणि उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत. यांपैकी उपयोजित लेखनाचा विभाग सर्वांत मोठा असल्यामुळे तोच घेऊ.

या विभागाच्या पहिल्या भागात पत्रलेखन किंवा सारांशलेखन यांपैकी एक करायचे असते, त्याला ६ गुण आहेत. दुसऱ्या भागात बातमी, जाहिरात आणि कथा यांपैकी कोणत्याही दोन कृती प्रत्येकी ५ गुणांच्या. तिसऱ्या भागात प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन यांपैकी कोणतीही एक कृती ८ गुणांची. म्हणजे अभ्यासक्रमाने लेखनाचे आठ प्रकार दिले आहेत, आणि विद्यार्थ्याला लिहायचे आहेत त्यातले चार. प्रत्येक भागात कोणते प्रकार समोर येणार हे आधीच ठाऊक असल्यामुळे उरलेले चार प्रकार वर्षभरात एकदाही शिकवले नाहीत, तरी २४ पैकी एकही गुण धोक्यात येत नाही.

आता कोणते चार प्रकार गळतात ते पाहावे. पत्राला ठरलेला आराखडा आहे: दिनांक, प्रति, विषय, मायना, समारोप, पत्ता. यातले काही गुण निव्वळ मांडणीचे असल्याने मध्यम विद्यार्थ्यालाही ते मिळतात. सारांश मात्र गद्य विभागातल्या अपठित उताऱ्याचा, एक तृतीयांश शब्दांत आणि स्वतःच्या भाषेत लिहायचा असतो. उतारा आधी पाहिलेला नसतो, तो नीट कळावा लागतो, मुख्य आणि गौण यांत निवड करावी लागते. जाहिरात आणि बातमी आटोपशीर असतात, कथेला कल्पना लागते आणि वेळ खाणारी असते. वैचारिक लेखनात मुद्दे लागतात, तर आत्मकथन 'मी एक झाड बोलतोय' या धर्तीवर आधी बसवून ठेवता येते. तेव्हा सारांश, कथा, वैचारिक लेखन आणि बहुधा प्रसंगलेखन हे चार प्रकार मागे पडतात. पुढे अकरावीपासून आयुष्यभर ज्या दोन प्रकारांची खरी गरज भासते, म्हणजे दुसऱ्याचे म्हणणे थोडक्यात सांगणे आणि स्वतःचे म्हणणे कारणांसह मांडणे, नेमके तेच या चारांत आहेत, ही यातली सगळ्यात खेदाची बाब होय.

पर्याय तर विद्यार्थ्याच्या सोयीसाठी दिलेले असतात. त्यांना दोष का द्यावा?

पर्याय देण्यामागचा हेतू योग्य आहे. एखाद्या मुलाला नेमका एक विषय सुचला नाही, तर केवळ तेवढ्यासाठी त्याचे ८ गुण जाऊ नयेत. येथे गृहीत असे आहे की मुलगा सर्व प्रकार शिकून आलेला आहे आणि मार्च महिन्यात, परीक्षागृहात, समोरचे विषय वाचून तो निवड करतो. प्रत्यक्षात ही निवड शिक्षकाने किंवा शिकवणीच्या वर्गाने आठ-नऊ महिने आधीच केलेली असते. मुलाच्या हाती पत्रिका येते तेव्हा त्याच्यापुढे 'किंवा' हा शब्द छापलेला असला, तरी त्याला पर्याय उरलेला नसतो.

याचा अर्थ पर्याय मुळीच नसावेत असा नाही. एकाच लेखनप्रकारात दोन विषय देणे निरुपद्रवी आहे. वैचारिक लेखन सर्वांनाच अनिवार्य करून दोन विषयांपैकी एक निवडू दिला, तर सोयही राहते आणि प्रकारही शिकवावा लागतो. दोन वेगवेगळ्या कौशल्यांमध्ये 'किंवा' घातला, की अवघड कौशल्य अभ्यासक्रमात राहूनही वर्गातून नाहीसे होते.

प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका घोकंपट्टी मोडण्यासाठीच आली होती ना? मग साचे पुन्हा कोठून आले?

होय, हेतू तोच होता. पाठाखालची ठरीव प्रश्नोत्तरे गाइडातून पाठ करण्याची सवय मोडावी म्हणून आकृतिबंध, ओघतक्ते, स्वमत, अभिव्यक्ती अशा कृती आल्या. काही प्रमाणात त्यांचा उपयोगही झाला. अपठित उतारा आणि स्वमत यांमुळे वर्गात निदान बोलणे तरी सुरू झाले. पण कोणतीही कृती दरवर्षी त्याच जागी, त्याच गुणांना आणि त्याच शब्दांत आली, की तिचा साचा तयार व्हायला फार दिवस लागत नाहीत.

रसग्रहण हे त्याचे ठळक उदाहरण आहे. पाठ्यपुस्तकातल्या एखाद्या कवितेच्या ओळी देऊन ४ गुणांसाठी रसग्रहण विचारले जाते. त्यासाठी आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये असे तीन परिच्छेद ठरून गेले आहेत. कविता मोजक्याच असल्यामुळे पहिला परिच्छेद प्रत्येक कवितेसाठी तयार करून देता येतो, आणि तिसरा तर कवितेगणिक फारसा बदलावाही लागत नाही: भाषा साधी, सोपी, प्रवाही आहे, यमक साधले आहे, लय आहे. हे निकष मुळात तपासनिसांसाठी होते, म्हणजे उत्तरात कशाकशाला गुण द्यायचे याचे मार्गदर्शन होते. ते विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचणे यात गैर काही नाही. परंतु पोहोचल्यावर ते उत्तराचे शीर्षक बनतात, आणि मग कविता वाचून ज्याला काही जाणवले त्याला, आणि कविता न वाचता ज्याने तीन परिच्छेद पाठ केले त्याला, सारखेच गुण पडतात. शिक्षकाच्या दृष्टीने पाहिले तर दुसरा मार्ग चाळीस मुलांच्या वर्गात कमी वेळात आणि खात्रीने पार पडतो.

बोलणे आणि ऐकणे यांसाठी २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन आहे. त्यामुळे तरी ती कौशल्ये शिकवली जातात का?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी महाराष्ट्रात अजाणता एक प्रयोगच होऊन गेला आहे. २०१८-१९ या वर्षी दहावीला भाषांचे २० गुणांचे तोंडी व अंतर्गत मूल्यमापन काढून लेखी परीक्षेवर सर्व भार टाकण्यात आला. मार्च २०१८ च्या परीक्षेचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, ऑगस्ट २०१९ मध्ये ८०-२० ची विभागणी परत आणण्याचे जाहीर झाले, आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला.

या आकड्यांवरून लगेच निष्कर्ष काढणे मात्र धोक्याचे आहे. २०१९ हे दहावीच्या नव्या अभ्यासक्रमाचेही पहिले वर्ष होते, आणि २०२० मध्ये टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीने द्यावे लागले. तरीसुद्धा एक गोष्ट आकड्यांशिवायही कळते. उत्तीर्णतेसाठी लेखी आणि अंतर्गत मिळून ३५ गुण लागतात. शाळेने २० पैकी १८ दिले, तर विद्यार्थ्याला लेखी परीक्षेत ८० पैकी १७ पुरतात. हे १८ गुण त्याची स्वतःची शाळा देणार असते, आणि त्या शाळेचा निकालही त्याच गुणांनी सुधारणार असतो.

परीक्षेने अध्यापन बदलावे यासाठी तिचे गुण महत्त्वाचे असावे लागतात, पण तेवढे पुरत नाही. ते गुण मिळतील की नाही याची अनिश्चितताही असावी लागते. येथे महत्त्व आहे, अनिश्चितता नाही. जे गुण हमखास मिळणार आहेत, त्यासाठी कोणी संभाषणाचे तास घेत नाही. म्हणून तोंडी परीक्षा काढली तेव्हा वर्गातले बोलणे फारसे कमी झाले असेल, किंवा ती परत आली तेव्हा वाढले असेल, असे मला वाटत नाही. बदलले ते निकालाचे गणित.

परीक्षा बदलली की अध्यापन बदलते, असे धोरणकर्ते म्हणतात. ते खरे आहे का?

अर्धे खरे आहे, आणि कोणते अर्धे, हे श्रीलंकेतल्या एका अभ्यासाने चांगले दाखवले आहे. तेथे ऐंशीच्या दशकात इंग्रजीची नवी, संवादावर भर देणारी पाठ्यपुस्तके आली आणि त्यांना धरून १९८८ मध्ये सामान्य स्तराची, म्हणजे साधारण आपल्या दहावीच्या टप्प्यावरची, नवी इंग्रजी परीक्षा सुरू झाली. डायन वॉल आणि चार्ल्स ऑल्डरसन या ब्रिटनमधल्या अभ्यासकांनी केवळ शिक्षकांना विचारून न थांबता पुन्हा पुन्हा वर्गांचे निरीक्षण करवून घेतले. १९९३ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा होता की परीक्षेमुळे शिक्षक काय शिकवतात ते बदलले, पण कसे शिकवतात ते बदलले नाही.

नव्या परीक्षेत जे वाचन-लेखनाचे प्रकार होते, ते वर्गात आले. पाठ्यपुस्तकात असूनही परीक्षेत नसलेले श्रवण आणि संभाषण मागे सारले गेले. शेवटच्या सत्रात तर पाठ्यपुस्तक बाजूला पडून जुन्या आणि सराव पत्रिका सोडवणे एवढेच राहिले. शिकवण्याची पद्धत मात्र पूर्वीचीच होती: शिक्षक वाचणार, अर्थ सांगणार, उत्तर देणार. पद्धत का बदलली नाही, याचे त्यांनी दिलेले कारण साधे आहे. अनेक शिक्षकांना नव्या पुस्तकामागचा विचारच कळलेला नव्हता, शिक्षक-हस्तपुस्तिका सर्वांपर्यंत पोहोचल्या नव्हत्या, आणि परीक्षा नेमके काय तपासते याची पुरेशी माहिती त्यांना मिळाली नव्हती. परीक्षा शिक्षकाला एखादा घटक शिकवायला भाग पाडू शकते. तो कसा शिकवायचा हे ती त्याला सांगू शकत नाही. आपल्याकडे कृतिपत्रिका आल्यावर आकृतिबंधही फळ्यावरून उतरवून घेतले जाऊ लागले, त्याचे कारण याहून वेगळे नसावे.

मग हा शिक्षकांचा दोष म्हणायचा का?

काही अंशी निवड शिक्षकाची असते, हे मान्य करावे लागेल. ऑल्डरसन आणि लिझ हॅम्प-लायन्स यांनी १९९६ साली अमेरिकेतल्या टोफेल परीक्षेच्या तयारीचे वर्ग आणि त्याच शिक्षकांचे साधे इंग्रजीचे वर्ग यांची तुलना केली. परीक्षेच्या वर्गात आणि साध्या वर्गात फरक होता, पण दोन शिक्षकांमधला फरक त्याच्याइतका किंवा त्याहून मोठा होता. सारख्याच परीक्षेखाली एक शिक्षक साचे देतो आणि दुसरा देत नाही, हा अनुभव आपल्याही शाळांत येतो.

परंतु धोका कोणाच्या अंगावर पडतो, हेही पाहावे. सारांशलेखनाला सहा तास देणाऱ्या शिक्षकाच्या वर्गाचे ते सहा तास निकालपत्रकात कोठेच दिसत नाहीत; शेजारच्या तुकडीने तेच तास पत्रलेखनाच्या सरावाला दिले, तर ते दिसतात. शाळेच्या फाटकावर शंभर टक्के निकालाचा फलक लागतो आणि विषयवार सरासरीवरून मुख्याध्यापक शिक्षकाला विचारणा करतात. अशा स्थितीत जो शिक्षक टाळता येणारा घटक टाळतो, तो आळशीच असतो असे नाही. त्याला दिलेल्या नियमांत तो शहाणपणाने वागत असतो.

गुण तर वाढत आहेत. याचा अर्थ मुले अधिक शिकली असा होत नाही का?

फक्त त्याच परीक्षेच्या गुणांवरून तसे म्हणता येत नाही. डॅनियल कोरेट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली मांडलेला एक अभ्यास येथे उपयोगी आहे. अमेरिकेतल्या एका शालेय जिल्ह्याने आपली जुनी चाचणी बदलून तशीच दुसरी आणली. पहिल्याच वर्षी तिसरीच्या गणिताचे गुण साधारण अर्ध्या शैक्षणिक वर्षाइतके घसरले. पुढच्या चार वर्षांत ते पुन्हा पूर्वीइतके वर आले, आणि सर्वांना सुधारणा झाल्यासारखे वाटले. तेव्हा संशोधकांनी वापरातून गेलेली जुनीच चाचणी काही मुलांना दिली, तर तिच्यावरचे गुण खाली आलेले होते. मुले गणितात पुढे गेली नव्हती, ती नव्या चाचणीला सरावली होती आणि जुनीला विसरली होती.

यातून निघणारी कसोटी कोणत्याही शाळेला लावता येते: तेच कौशल्य वेगळ्या साच्यात विचारावे आणि गुण टिकतात का ते पाहावे.

आमच्या शाळेत असे आकुंचन झाले आहे का, हे कसे ओळखावे?

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दोन वह्या शेजारी ठेवणे. नववीच्या आणि दहावीच्या मराठीच्या वह्या घेऊन वर उल्लेखलेल्या आठ लेखनप्रकारांपैकी प्रत्येकाचा सराव किती वेळा झाला, हे मोजावे. नववीत सारांश आणि कथा दिसतात, आणि दहावीत नाहीशा होतात, तर कारण बहुधा परीक्षा आहे. दोन्हीकडे त्या नसतील, तर दोष केवळ दहावीच्या परीक्षेला देता येणार नाही.

त्यानंतर पाठ्यपुस्तकात नसलेली एक छोटी कविता वर्गाला द्यावी आणि 'रसग्रहण' हा शब्द न वापरता ती कशी वाटली, का वाटली, हे दहा-बारा ओळींत लिहायला सांगावे. पंचवीस वह्यांत भाषा साधी, सोपी, प्रवाही असल्याचे वाक्य आले, तर साचा किती खोल गेला आहे ते कळेल. मुले काहीच लिहू शकली नाहीत, तर परिस्थिती त्याहून बिकट आहे, कारण साचा काढून घेतल्यावर खाली काही उरलेले नाही. त्याच धर्तीवर वर्तमानपत्रातील तीनशे शब्दांचे स्फुट देऊन त्याचा शंभर शब्दांचा सारांश मागावा, आणि मुलांनी मूळ वाक्ये जशीच्या तशी उचलली आहेत की स्वतःची केली आहेत, एवढेच पाहावे. हे पूर्वपरीक्षेच्या गडबडीत करू नये. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये केले, तर हाती आलेल्या माहितीचा काही उपयोग करता येतो. या वह्यांना गुण देऊ नयेत, कारण गुण दिले की पुढच्या वर्षी त्याचाही सराव संच निघेल.

पत्रिका तयार करणाऱ्यांनी काय बदलले, तर सर्वांत जास्त फरक पडेल?

माझ्या मते दोनच गोष्टी. एक म्हणजे सारांश आणि पत्र यांमधला 'किंवा' काढून दोन्ही अनिवार्य करावेत, आणि त्यासाठी बातमी-जाहिरातीचे काही गुण कमी करावेत. दुसरे म्हणजे उरलेल्या लेखनप्रकारांपैकी कोणते दोन येणार, हे आधी न सांगता दरवर्षी बदलते ठेवावे. अभ्यासक्रमाच्या सर्व भागांतून नमुना घ्यावा आणि तो ओळखता येऊ नये, हे परीक्षाशास्त्रातले जुनेच तत्त्व आहे.

याची किंमतही आहे. अनिश्चितता वाढली की पहिल्या एक-दोन वर्षांत निकाल खाली येतो, आणि २०१९ चा अनुभव पाहता तेवढा काळ तो सहन केला जाईल की नाही, यावरच हा बदल टिकणे अवलंबून आहे. सारांश तपासणे पत्र तपासण्यापेक्षा अवघडही आहे. मांडणीचे गुण टाकून मोकळे होता येत नाही, आणि दोन तपासनिसांच्या गुणांत तफावत पडण्याची शक्यता अधिक असते. त्यासाठी तपासनिसांच्या बैठकीत आदर्श उत्तराबरोबरच प्रत्यक्ष मुलांनी लिहिलेले चांगले, मध्यम आणि कच्चे असे नमुने गुणांसह ठेवावे लागतील. असे नमुने पुढे शाळांना उपलब्ध करून दिले, तर सारांश कसा शिकवायचा याचे थोडेफार मार्गदर्शनही शिक्षकाला त्यांतून मिळेल; श्रीलंकेतल्या शिक्षकांना ते मिळाले नव्हते.